वरच्या गेटचा बोनस

माझ्या नोकरीत माणूस आधी आवाजाने भेटायचा, चेहरा मागाहून. काहींचा चेहरा तर कधीच भेटला नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. लोणावळ्याला वीज कंपनीच्या ऑफिसात मी टेलिफोनवर बसायचो. समोर लाकडी पेटी, तिला हातभर दांडा, कानाला लावायचं जड काळं भोंगं आणि बसायला एक स्टूल. ते इतकं उंच होतं की माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. साहेबलोकांनी ते कोणा सहा फुटी माणसाच्या मापाने करवून घेतलं असावं. मी तळेगावचा, साडेपाच फुटी, मॅट्रिक झालेला आणि त्या काळी स्वतःला फार शहाणा समजणारा.

दिवस उजाडला की सगळ्या तलावांवरून फोन यायचे. कुठे किती पाणी, कुठलं गेट किती उघडं, कालवा कुठे फुटला-बिटला तर नाही ना, हे ज्याचा त्याचा राखणदार सांगणार आणि मी लिहून घेणार. सगळ्यांची तार एकच. म्हणून कोणाला बोलवायचं तर दांडा ठरल्या पद्धतीने फिरवायचा. वरच्या गेटची खूण दोन लांब आणि एक आखूड. ती वाजली की बाकीचे आपापली भोंगी जागेवर ठेवणार, निदान ठेवावीत अशी अपेक्षा. प्रत्यक्षात सगळे ऐकत बसायचे. पावसाळ्यात दुसरी करमणूक तरी काय होती?

वरच्या गेटवर जे होते त्यांना तारेवर सगळे ‘वरचे भाऊ’ म्हणत. मीही तेच म्हणायचो. वयाने माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, तलावाकाठच्या गावचे, जातीने शेतकरी. आधी पाणी सांगायचे, मग लगेच, ‘तुमचं च्या-पानी झालं का?’ मी झालं म्हणायचो. ‘मंग आमचं ऱ्हायलंय,’ असं म्हणून ठेवून द्यायचे. वर्षानुवर्षं हेच. एखाद्या सकाळी त्यांनी चहाचं विचारलं नाही तर मला दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं. आज घरात कोणाचाही फोन वाजला तरी मला आधी ती दोन लांब आणि एक आखूड घंटी ऐकू येते. सूनबाई म्हणते, बाबांचे कान अजून कंपनीत आहेत. असतीलही.

भाऊंची एक दुखरी जागा होती, आणि तीसुद्धा मला तारेवरच कळली. कंपनीने धरण बांधलं तेव्हा त्यांच्या गावची भाताची खाचरं आणि जुनं गावठाण पाण्याखाली गेलं. गाव वर टेकाडावर सरकलं. त्याच कंपनीच्या वरच्या धरणावर भाऊंनी नोकरी धरली. पोटासाठी धरली, पण गावाने ते मनाला लावून घेतलं. त्यातही त्यांची सख्खी मावशी. गावाच्या देवीची ओटी भरायचा पहिला मान तिच्या घराचा होता, आणि तिची चार खाचरं सगळ्यांत आधी बुडाली होती. भाऊ नोकरीवर गेले त्या दिवसापासून तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाचा समोरून आला की ती पदर ओढून बांधाला उभी राहायची, परका पुरुष आल्यासारखी. हे भाऊ हसत सांगायचे, आणि मग पाण्याचा आकडा उगाच पुन्हा एकदा सांगायचे.

देवीचं देऊळही बुडालं होतं. पण उन्हाळ्यात तलाव खाली गेला की आधी कळस दिसायचा, मग मंडप, आणि चैत्रात देऊळ पुरतं मोकळं व्हायचं. मग गाव पालखी घेऊन तळ्यात उतरायचं. चिखल वाळलेला, मधून जुना ओढा वाहणारा, पलीकडे देऊळ. तिथे नैवेद्य, ओटी, कोंबडं-बकरं, आणि संध्याकाळी पालखी परत वर. वर्षातून एक दिवस ती माणसं आपल्या जुन्या गावात जाऊन यायची. कोणाच्या घराचं जोतं कुठे होतं ते म्हातारी माणसं पोरांना दाखवायची, असं भाऊ सांगायचे.

अडचण अशी की या तळ्याच्या वर भाऊंचा दुसरा तलाव, आणि त्याचं गेट उघडलं की पाणी त्याच ओढ्याने खाली यायचं, तळ्यातून पुढे कालव्याला आणि तिथून घाटाखालच्या यंत्रांकडे. म्हणून दरवर्षी जत्रेच्या आधी भाऊ तारीख कळवायचे. मी ती शिफ्ट इंजिनिअरांना द्यायचो आणि तेवढा दिवस गेट बंद राहायचं. लेखी नियम असा कुठे नव्हता. एका साहेबाने कधीतरी हो म्हटलं होतं, पुढच्यांनी ते मोडलं नाही.

ते वर्ष दुसऱ्या मोठ्या लढाईचं. गिरण्या रात्रंदिवस चालत, खालून सारखी मागणी, पाणी काटकसरीने पुरवायचं. भाऊंनी जत्रेची तारीख कळवली. इंजिनिअरांनी कुरकुरत का होईना, तो दिवस गेट बंद ठेवलं. पण त्याच आठवड्यात देवीच्या गुरवाच्या घरात माणूस गेलं. गुरवाला सुतक. देवीला हात कोण लावणार? जत्रा तेराव्यानंतर धरायची ठरली. आजूबाजूच्या वाड्यांना कळलं, पाहुण्यारावळ्यांना कळलं, बांगड्या-खेळणीवाल्यांना कळलं. ऑफिसला मात्र कोणी कळवलं नाही. ज्या दिवशी गेट बंद ठेवलं त्या दिवशी तळ्यात चिटपाखरू नव्हतं, आणि ज्या दिवशी पालखी उतरली त्या दिवशी आमच्या लेखी जत्रा कधीच होऊन गेली होती.

दुपार कलली होती. यंत्रांना पाणी पुरवणाऱ्या खालच्या कुंडातलं पाणी झपाट्याने उतरत होतं आणि यंत्रघरातून इंजिनिअरांना सारखे निरोप येत होते. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, वरचं गेट उघडायला सांग, आत्ता. मी दांडा फिरवला. भाऊंचा आवाज आला तो नेहमीचा नव्हता.

“पालखी तळ्यात हाये. बाया-पोरं वड्याच्या पल्याड हाईत. माणसं भाईर आली की लगेच खोलतो.”

मी ते शब्दन् शब्द इंजिनिअरांना सांगितलं. ते म्हणाले, जत्रा तर झाली ना? मी म्हटलं, मलाही तसंच वाटत होतं. त्यांनी भोंगं माझ्या हातातून घेतलं, स्वतः हुकूम दिला, आणि पलीकडून तेच उत्तर आलं. पाणी सुटलं ते सूर्य डोंगराआड गेल्यावर. तोवर खाली एक यंत्र थांबवावं लागलं होतं. इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. पण वरून त्याला बोलणी बसली होती, आणि बोलणी बसलेला माणूस दुसऱ्या कोणाला तरी बसवल्याशिवाय जेवत नाही. ‘गेटकीपरने आज्ञा पाळण्यास नकार दिला’ असा त्याचा रिपोर्ट गेला.

भाऊंना आरोपपत्र मिळालं. चौकशी झाली ती गेटवरच, पाच मिनिटांत. हुकूम मिळाला होता का? व्हय. त्या वेळी गेट उघडलं का? न्हाई. भाऊंचा स्वभावच असा की विचारलं तेवढंच सांगायचं. चौकशी करणाऱ्याने पुढे विचारलं नाही, यांनी पुढे सांगितलं नाही. एका दिवसाची बिनपगारी सस्पेन्शन झाली. भाऊंनी तो दिवस भाताचं राब भाजायला काटक्या आणण्यात घालवला आणि दुसऱ्या सकाळी मला पाण्याची पातळी सांगून चहाचं विचारलं. मला वाटलं, संपलं प्रकरण.

ते दसऱ्यानंतर उकरून निघालं. कंपनीने लढाईच्या काळात बोनस सुरू केला होता. त्याची योजना छापून नोटीस-फळ्यावर लावलेली असायची, इंग्रजीत आणि खाली मराठीत. दिवाळीआधी सगळ्यांचे चेहरे त्या फळ्याकडे. बाजारात मिठाईवाले, कापडवाले कंपनीच्या माणसाला त्या दिवसांत ‘या, बसा’ म्हणायचे, एरवी ओळखायचेसुद्धा नाहीत. मी तर बोनस हातात पडायच्या आधीच बायकोला इरकल लुगडं कबूल करून बसलो होतो. आणि एक दिवस भर दुपारी तारेवर ऑफिसची खूण वाजली, पलीकडे भाऊ. भाऊ पाणी सांगायच्या वेळेखेरीज स्वतःहून कधी फोन करत नसत.

म्हणाले, “कागुद आलाय. वाचून दावायला हितं कोन न्हाई. हिकडं येतावं.”

आणि ते आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं. आवाजावरून मी धिप्पाड माणूस मनात धरला होता. दारात उभे होते ते काटक, ठेंगणे, डोक्याला लाल पागोटं आणि काखेत घडी केलेली घोंगडी. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, माझ्या लोंबत्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘तुमी लय उंच वाटत व्हता मला.’ मग दोघंही हसलो. तेवढंच त्या दिवशीचं हसू.

पत्र मॅनेजरच्या सहीचं होतं, इंग्रजी, सोबत मराठी नक्कल. भाषा सभ्य होती, हे मला अजून आठवतं. मी ते त्यांना हळूहळू वाचून दाखवलं. “बोनस योजनेच्या नियम सातप्रमाणे, ज्या नोकरास बोनस-वर्षात गैरवर्तनाबद्दल सस्पेन्शनची शिक्षा झाली असेल, तो त्या वर्षाच्या बोनसला पात्र राहत नाही. आपणांस वरिष्ठांची आज्ञा जाणूनबुजून न पाळल्याबद्दल अशी शिक्षा झाली असल्याने, या वर्षीचा आपला बोनस रोखून धरण्यात येत आहे. आपला पगार व महागाई भत्ता यांवर याचा परिणाम होणार नाही.” पुढे फेरविचाराची वाट सांगितली होती. हा निर्णय मान्य नसल्यास पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत खातेप्रमुखांमार्फत मॅनेजरकडे लेखी अर्ज करावा. अर्जदारास समक्ष म्हणणे मांडता येईल व सोबत कंपनीतील एक सहकारी आणता येईल. त्यानंतरही समाधान न झाल्यास मुंबईच्या बोनस समितीकडे जाता येईल, समितीचा निर्णय अखेरचा राहील.

भाऊंनी मला एकाच शब्दापाशी दोनदा थांबवलं. गैरवर्तन म्हणजे काय? मी म्हटलं, वाईट वागणं. “मी वाईट वागलो?” एवढंच त्यांनी विचारलं. मी पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

लेबर ऑफिसर म्हणून पुण्याचा एक तरुण नुकताच नेमला होता. मी भाऊंना त्याच्याकडे नेलं. तो मनाचा चांगला होता, आणि त्याने व्यवहारी सल्ला दिला. म्हणाला, दिवाळी तोंडावर आहे, मोठे साहेब खुशीत आहेत. ‘माझ्या हातून चूक झाली, मला पश्चात्ताप होत आहे, पुन्हा असे होणार नाही’ असा अर्ज लिहून द्या, निम्मा तरी बोनस सुटेल. अशा अर्जांचा नमुनाच त्याच्याकडे तयार होता. फक्त खाली सही करायची. त्याने हेही समजावलं की नुसतं भांडत बसलात आणि हरलात, तर हे गैरवर्तन कायमचं नावावर राहील. पुन्हा काही झालं तर नियमाप्रमाणे नोकरीवरच गदा येईल.

भाऊंनी नमुना घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि टेबलावर ठेवला. “पुन्हा असं व्हनार न्हाई, हे लिवनार न्हाई मी. पुन्हा मानसं पान्यात असली तर पुन्हा असंच व्हनार.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, त्यात सोबतीला मानूस आणायचा म्हनलंय न्हवं? तुमी येता का?

खरं सांगायचं तर मला मागे सरावंसं वाटलं. इंजिनिअर माझा वरिष्ठ, माझी शिफ्ट तोच लावायचा, उद्या माझाही बोनस अडवू शकत होता. त्याच्या रिपोर्टाविरुद्ध मी बोलायचं? पण वर्षानुवर्षं जो माणूस माझ्या चहाची चौकशी करतो, त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मी हो म्हटलं. घरी गेल्यावर बायको म्हणाली, लुगडं गेलं तरी चालेल, पण त्या माणसाला एकटं पाठवू नका. तिच्यापुढे मी फार शूर असल्यासारखा वागलो.

अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. मी लिहायचो, ते मान हलवायचे. माझ्या मराठीला तेव्हा अलंकारांची हौस होती. भाऊ दर दोन ओळींनी म्हणायचे, ‘हे काढा, हे मी म्हनलो न्हाई.’ शेवटी अर्ध्या पानाचा अर्ज उरला. त्या दिवशी काय झालं, गेट का उघडलं नाही, कधी उघडलं. मुदतीत तो खातेप्रमुखांकडे दिला आणि पोच घेतली.

इकडे गावात बातमी गेली. गावाने वर्गणी काढून भाऊंचा बोनस भरून द्यायचं ठरवलं. देवीपायी गेला, देवीचं गाव भरून देईल. भाऊंनी ते नाकारलं. लोकांना वाटलं, कमी पडतील म्हणून नाही म्हणतोय. ते मला तारेवर म्हणाले, “पैशाचं असतं तर घेतलं असतं. कागदावर वाईट वागलो म्हनून लिवलंय. ते वर्गणीनं पुसंल का?” तारेवर दुसरा कोणी ऐकत होता. त्याने खाकरून भोंगं खाली ठेवलं.

मी मावशीचं विचारलं. मावशी काय म्हणते? ती त्या दिवशी ओढ्यापलीकडे देवळातच होती, ओटीचं ताट घेऊन. तरीही ती बोलत नव्हती. भाऊ म्हणाले, ‘तिला वाटतं, धरणावर गेलास म्हनून तर हे झालं. नसतं तर कोन कुनाला कागुद पाठवनार?’ आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला मनातून पटलं होतं.

फेरविचाराची बैठक मॅनेजरच्या खोलीत झाली. मोठे साहेब मोडकं मराठी बोलायचे, पण त्यांना समजायचं सगळं. एका बाजूला इंजिनिअर आणि लेबर ऑफिसर, दुसऱ्या बाजूला भाऊ आणि मी. भाऊंना खुर्ची दिली होती. ते तिच्या अगदी कडेला बसले. साहेबांनी पत्र, नियम आणि अर्ज पुढे ठेवले आणि म्हणाले, आज्ञा पाळली नाही हे चौकशीत तुम्हीच कबूल केलं, मग आता वेगळं काय? भाऊंनी जे होतं ते सांगितलं. साहेबांनी मला विचारलं, त्या दिवशी तारेवर नेमकं काय ऐकलं? मी उभा राहिलो आणि भाऊंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ‘न्हाई खोलत’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत, ‘माणसं बाहेर आली की लगेच’ म्हणाले, आणि तसंच केलं. इंजिनिअर आडवे आले नाहीत. म्हणाले, ‘शब्द बरोबर आहेत. पण ज्याचं यंत्र थांबतं त्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं.’ मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

साहेबांनी माझे शब्द कागदावर टिपून घेतले. मला वाटलं, जिंकलो. मी तर मनात लुगड्याचा रंगही ठरवून टाकला. मग ते भाऊंकडे वळून शांतपणे म्हणाले, तुम्ही सांगितलेल्या तारखेला आम्ही गेट बंद ठेवलं. जत्रा पुढे गेली हे आम्हाला का सांगितलं नाही?

“सगळ्या मावळाला ठावं व्हतं, साहेब.”

“मला नव्हतं.”

भाऊंनी पागोट्याला हात लावला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच आश्चर्य होतं. हा विचारच त्यांना कधी शिवला नव्हता. सुतक पडलं की जत्रा पुढे जाणार, हे सांगायचं कोणाला आणि कशाला? सूर्य उगवला हे काय कोणी कोणाला सांगतं? पण पलीकडे बसलेला माणूस दुसऱ्या मुलखातून आला होता आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. मग भाऊ उभे राहिले. “ते चुकलं माझं,” ते म्हणाले. “दार खोललं न्हाई, ते चुकलं न्हाई. सांगितलं न्हाई, ते चुकलं. ते लिवा. त्याखाली सही करतो.”

लेबर ऑफिसरने खाली मान घालून काहीतरी खरडलं. तो नमुना-अर्ज त्याच्या फाइलीत होता, मला त्याची कड दिसत होती.

पुढच्या आठवड्यात दुसरं पत्र निघालं. जाणूनबुजून आज्ञाभंग केल्याचा आरोप फेरविचारात सिद्ध झाला नाही, म्हणून सस्पेन्शन रद्द आणि त्या दिवसाचा पगार परत. बदललेली तारीख न कळवल्याबद्दल लेखी ताकीद. ताकीद ही नियम सातमधल्या शिक्षांत येत नसल्याने बोनस देय. समितीकडे जायचं कारणच उरलं नाही. भाऊंची एकच विनंती होती, आधीचं पत्र फाडून टाकावं. साहेब म्हणाले, फाइलीतला कागद फाडता येत नाही, पण हा त्याच्यावर टाचून ठेवू, म्हणजे वाचणाऱ्याला आधी हाच दिसेल. भाऊंना ते पटलं. म्हणाले, बरं हाये, खालचं खाली असू द्या.

पण गावाला कोण सांगणार? पहिल्या पत्राची वार्ता डोंगरापलीकडे गेली होती, दुसऱ्याची कोण नेणार? भाऊंनी युक्ती काढली. धनत्रयोदशीच्या सकाळी पाणी सांगून झाल्यावर म्हणाले, ठेवू नका, हितं मानसं जमल्यात. त्यांना कागुद वाचून दावा. गेटच्या झोपडीत पाच-पन्नास माणसं आणि भोंगं एक. मग एकेकाने ते कानाला लावायचं, मी एक वाक्य वाचायचं, त्याने ते मोठ्याने पुढे सांगायचं आणि भोंगं दुसऱ्याला द्यायचं. अशी ती पत्राची वरात निघाली. एकाने ‘सिद्ध झाला न्हाई’ ऐकलं आणि मोठ्याने ओरडून सांगितलं. मागे एकच गलका झाला, मला पुढचं वाक्य तीनदा वाचावं लागलं. बाकीच्या तलावांचे राखणदार तारेवर होतेच. त्या दिवशी कोणी लपवलंही नाही. खालचा एकजण मधूनच म्हणाला, वाचा की, थांबलात का?

शेवटचं वाक्य बोनसचं होतं. ते वाचलं. पुढे भोंगं कोणी घेतलंय तेच कळेना. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, फार जवळून. तोंड अगदी भोंग्याला लावलं असणार.

“लिवनारा तूच का रं? मंग लिव. फुडल्या साली जत्रा चैत्री पुनवंला हाये. बदलली तर मी सोता सांगीन. तुझ्या सायबाला म्हनावं, आता ठावं न्हाई म्हनू नगंस.”

मी लिहून घेतलं. मागून भाऊंचा आवाज आला, ‘मावशे, भोंगं हिकडं दे.’ आणि ती म्हणाली, ‘देती की, थांब जरा, किती घाई तुला.’ मी स्टुलावर बसल्या जागी डोळे पुसले. त्या दोघांचं ते बोलणं मी ऐकलं, भाच्याशी मावशी बोलली ते मी ऐकलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. बायकोला त्या दिवाळीत लुगडं मिळालं, हिरवं. ते जुनं झाल्यावर तिने त्याची गोधडी केली.

त्यानंतर दर चैत्रात दोन-चार दिवस आधी घंटी वाजायची आणि पाण्याच्या आकड्याआधी तारेवर मावशी यायच्या. ‘पुनवंला. बदललेली न्हाई.’ एवढंच. ऑफिसातले सगळे त्या फोनची वाट बघायचे. इंजिनिअरसुद्धा विचारायचे, मावशींचा हुकूम आला का? साहेब बदलले, लढाई संपली, नियमांची नवी छापील प्रत फळ्यावर लागली, तरी तो फोन चुकला नाही.

एका चैत्रात घंटी वाजली आणि मी पेन उचलून म्हटलं, बोला मावशी. पलीकडे भाऊ होते.

“मावशी गेली पहाटं. म्हनली व्हती, बदलली तर मी सोता सांगीन. आता मीच सांगतोय. मानाच्या घराला सुतक हाये. जत्रा फुडं गेली. कळवलं म्हनून लिवा.”

मी लिहिलं. कळवलं, असंही लिहिलं आणि वेळ टाकली. भाऊंनी पाण्याची पातळी सांगितली. त्या दिवशी चहाचं मीच विचारलं.